सहा कडवी, चार तऱ्हा

जुलै उजाडला की कोल्हापुरात ओळखीचा माणूस भेटल्यावर तब्येतीची चौकशी मागं पडते. आधी विचारतात, पाणी किती फुटावर? कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असते. 39 फूट ही इशाऱ्याची पातळी, 43 फूट धोक्याची. मधले चार फूट हे आमचं पावसाळ्यातलं बोलणं.

आमच्या गल्लीतल्या बायकांसाठी गौरी-गणपतीत म्हणायला झिम्म्याचं एक गाणं लिहायचं ठरलं, तेव्हा ध्रुवपद शोधावं लागलं नाही. ते रस्त्यावरच पडलेलं होतं.

सांग बाई पंचगंगे,
पाणी किती फुटावर?

मोजून बघा, दोन्ही तुकडे आठ-आठ अक्षरांचे आहेत. सां-ग-बा-ई, पं-च-गं-गे. पा-णी-कि-ती, फु-टा-व-र. चारावर एक टाळी, पुन्हा चारावर एक. लहान अभंगाचं मापही हेच, आठ आणि आठ. त्यामुळं कडव्याच्या चारही ओळी आठ अक्षरांच्या ठेवायच्या, चौथी ओळ संपली की सगळ्यांनी ध्रुवपद उचलायचं, एवढा नियम मनाशी धरून सहा कडवी लिहिली. विषय 2019 च्या महापुराचा. पाणी चढतं, घर सोडावं लागतं, शाळेत मुक्काम, मग परत येणं. एका बैठकीत काही झालं नाही. कधी दोन ओळी, कधी अख्खं कडवं, जसं सुचेल तसं वहीत चढत गेलं.

अक्षरं नेमकी बसलेली असली की एक गंमत होते. ठेका इतका सरळ चालतो की यमकाची तऱ्हा मध्येच बदलली तरी वाचताना कळत नाही. डोळा ओळीच्या शेवटी काहीतरी जुळलेलं बघतो आणि समाधानानं पुढं सरकतो. काय जुळलंय, कशाशी जुळलंय, हे तो विचारत नाही. ते विचारलं आमच्या काकींनी. झिम्म्यात कडवं म्हणणारी एक असते आणि ध्रुवपद बाकीच्या उचलतात. आमच्याकडं कडवं काकी म्हणतात. दोन कडवी त्यांनी झोकात म्हटली. तिसऱ्याच्या शेवटी समोरच्या चौघी गप्पच राहिल्या आणि टाळी हवेत राहिली. काकी म्हणाल्या, "ह्ये कडवं संपलं का अजून हाय? आम्हास्नी कळंना की गं, कवा उचलायचं ते."

ठेका चुकलेला नव्हता. गाण्याच्या धंद्यातले लोक जिला क्रॉस लाईन म्हणतात, ती चुकलेली होती. कडव्याची शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकाशी जुळली की पुढं ध्रुवपद येणार हे कानाला आधीच कळतं आणि माणसं आपसूक उचलतात. पहिल्या दोन कडव्यांत ती ओळ होती. तिसऱ्यात नव्हती.

मग वही उघडली आणि कडव्यांकडं कडवी म्हणून बघायचं सोडून दिलं. प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द समासात उतरवला. याचा फायदा असा की अर्थ मध्ये लुडबुडत नाही. शब्दांच्या पुढं खुणा केल्या. पहिल्या ओळीचा आवाज अ, वेगळा आला तर ब, मग क. प्रत्येक कडव्याला अ पासून नव्यानं सुरुवात करायची, कारण पहिल्या कडव्यातला अ आणि चौथ्यातला अ यांचा काही संबंध नसतो. फक्त ध्रुवपदाच्या यमकाला सगळीकडं एकच खूण ठेवायची. मी तिला ध्रु म्हटलं. ही एक खूण वेगळी ठेवली नाही तर तक्ता दिसायला नीट दिसतो आणि खरा दोष त्यात लपून बसतो. अ-अ-ब-ब आणि अ-अ-ध्रु-ध्रु कागदावर सारखेच दिसतात. गाताना एक परत येतो, दुसरा येत नाही.

समासात निघालं ते असं. पहिलं आणि दुसरं कडवं अ-अ-अ-ध्रु. तिसरं आणि पाचवं अ-अ-ब-ब. चौथं अ-ब-अ-ब. सहावं अ-ब-क-ब. सहा कडव्यांत चार तऱ्हा.

अशा वेळी बहुमत घ्यावंसं वाटतं. इथं तेही नव्हतं, दोन तऱ्हा दोन-दोनदा आलेल्या, बरोबरी. पण असतं तरी मी घेतलं नसतं. कुठली तऱ्हा जास्त वेळा आली यावरून एवढंच कळतं की लिहिताना हाताला कशाची सवय होती. ती गाण्याला झेपते का, हे वेगळंच. शिवाय कागदावरची खूण खरी आहे की नाही हे अजून बघायचं होतं. म्हणून आधी कानानं तपासणी.

दुसरं कडवं घ्या. कागदावर ते सगळ्यात शहाणं होतं.

दीपमाळ गळ्याभर
देवळं ती खांद्याभर
वाट झाली घोट्याभर
मोजू किती बोटावर

गळा, खांदा, घोटा, पंचगंगा घाटावरची पुराची खूण अंगावर मोजलेली. मला ते फार आवडलं होतं. खुणा अ-अ-अ-ध्रु. पण मोठ्यानं म्हणा. 'भर' आणि 'वर' यांत कानाला किती फरक पडतो? भ आणि व एवढाच, आणि तोही ओळीच्या शेवटी, जिथं टाळीचा आवाज येतो. म्हणजे पहिल्या ओळीपासूनच कानाला वाटतं की ध्रुवपद आलं. चौथ्या ओळीला सांगण्यासारखं नवं काही उरतच नाही. कागदावर अ-अ-अ-ध्रु, कानात चारी अ. काकींच्या मैत्रिणींपैकी एकजण पहिल्याच ओळीनंतर उचलायला गेली होती, ती का, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या कडव्यात उलटं.

घर अंगण बुडाले
गडी नावेतून आले
म्हस दावणी हटेना
सासू उंबरा सोडेना

बुडाले, आले. यमक चोख. पण काकी वाचतात काय? "घर अंगण बुडालं." त्या काय, आमच्यापैकी कुणीही 'घर बुडाले' असं बोलत नाही. लिहिताना हाताला पुस्तकी 'ले' ची सवय असते, तोंडात 'लं' असतं. आता 'गडी आले' मध्ये मात्र गडी अनेक आहेत, तिथं बोलतानाही 'आले' च राहतं. मग जोडी झाली बुडालं आणि आले. यमक कागदावर राहिलं, तोंडात फुटलं. हा प्रकार मराठीत फार होतो आणि लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो स्वतःचं लिखाण स्वतःच्या पुस्तकी उच्चारात वाचतो. यावर एकच उपाय, कच्चं लिखाण दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. अख्खं गाणं पुस्तकी 'ले' त गायचं असेल तर तसंही चालेल, पण मग पाचव्या कडव्यात 'व्हायचाय' म्हणता येणार नाही. माझ्या गाण्यात म्हस होती, म्हैस नव्हती. तेव्हा बोलीच ठेवायची हे आपोआप ठरलं आणि 'बुडाले' पडलं.

तिसरी तपासणी प्रत्ययाची. मराठीत यमक मिळणं फार सोपं आहे आणि सोपेपणाचं कारण प्रत्यय. -त, -ला, -ली, -ते, -वर लावले की कुठलेही दोन शब्द एकमेकांशी जुळल्यासारखे वाटतात. माझं पहिलं कडवं बघा.

राधानगरी भरली
दारं सारी उघडली
भोगावती खळाळली
फेस आला घाटावर

प्रत्यय सोलून काढला की काय उरतं? भर, उघड, खळाळ. यांचं एकमेकांशी नातं नाही. तीन ओळींत 'ली' तेवढी तीन वेळा आली आहे. क्रियापदं भूतकाळात ठेवली आणि कर्ता स्त्रीलिंगी, नाहीतर 'दारं' सारखा नपुंसकलिंगी अनेकवचनी घेतला की 'ली' फुकट मिळते, ती घेऊन मी तीन ओळींचं यमक साधलं होतं.

मग ध्रुवपदाचं काय? फुटावर, घाटावर, बोटावर, यातही 'वर' आहेच. इथं गझलवाल्यांचा हिशेब उपयोगी पडतो. गझलेत शेवटी जसंच्या तसं परत येतं तो रदीफ, आणि त्याच्या आधी जे जुळावं लागतं तो काफिया. 'वर' हा रदीफासारखा समजा, त्याचं यमक धरायचंच नाही. त्याच्या आधी फुटा, घाटा, बोटा, हा काफियाचा भाग जुळतोय. प्रत्यय सोलला तरी फूट, घाट, बोट राहतात आणि ट ला ट मिळतो. म्हणून हे चालतं. 'काठावर' मी घेतलं नाही, ठ आडवा आला. 'उंबऱ्यावर', 'पुलावर' तर नाहीच, तिथं नुसता 'वर' उरतो.

ही अट कडक धरली आणि त्यातूनच पुढचा निकाल लागला. वहीच्या मागच्या पानावर मी -टावर चे शब्द लिहून काढले. या गाण्यात, या माणसांच्या तोंडी शोभतील असेच. घाटावर. बोटावर. पोटावर. ताटावर. पाटावर. कोटावर, नोटावर असे आणखी सुचले, पण पुरात कोट घालून कोण बसलंय? कामाचे शब्द पाच.

आता तऱ्हा एकेक करून लावून बघा. जोड्यांची तऱ्हा, म्हणजे अ-अ-ब-ब, मला मनापासून आवडत होती, कारण माझ्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी त्याच तऱ्हेत होत्या. पण त्यात क्रॉस लाईन आणायची तर ब च्या जागी ध्रु येणार, अ-अ-ध्रु-ध्रु. प्रत्येक कडव्याला -टावर चे दोन शब्द लागणार. पाच शब्दांत अडीच कडवी. एकाआड एक जुळणारी तऱ्हाही तशीच, अ-ध्रु-अ-ध्रु, पुन्हा दोन. म्हणजे ज्या तऱ्हेत ध्रुवपदाचं यमक कडव्यात दोनदा लागतं, ती तऱ्हा या ध्रुवपदाला परवडत नाही. ध्रुवपद 'आली' किंवा 'पाणी' वर संपत असतं तर परवडली असती, ते शब्द ढिगानं मिळतात. फुटावर हा खर्चिक शब्द आहे. तो बदलायचा नव्हता, तेव्हा बाकी सगळं त्याच्या खिशात बघून ठरवायचं.

राहिली अ-अ-अ-ध्रु. तिला तर परंपरेचा मान आहे. ग्रंथातल्या ओवीला पहिले तीन चरण जुळलेले आणि चौथा आखूड, मोकळा, अशीच रचना असते. पण ओवी लिहिणाऱ्यांची शब्दांची पेटी केवढी होती! माझी दोन्ही कडवी तीन-तीन यमकं ओढताना कशी गळपटली ते वर आलंच आहे. एकात 'ली' ची वर्गणी, दुसऱ्यात 'भर' चा गोंधळ. तीन ओळी जुळवायच्या म्हटलं की तिसरी ओळ बहुतेक वेळा यमकासाठीच येते. 'भोगावती खळाळली' ही ओळ मी का लिहिली? नदी खळाळलेली मी बघितली म्हणून नव्हे.

तिसरी ओळ मोकळीच सोडली तर? अ-अ-ब-ध्रु. पहिल्या दोन जुळतात, तिसरी कुणाशीच जुळत नाही, चौथी ध्रुवपदाला जाऊन मिळते. ही तऱ्हा माझ्या सहापैकी एकाही कडव्यात नव्हती. तरी हिशेब करून बघितला तर सगळ्यात कमी मोडतोड हिच्यातच होती. आणि ती काही माझी शोधलेली नाही. रुबाईत तिसरी ओळ मोकळी असते आणि चौथी पहिल्या दोघींकडं परत येते. आमच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, त्यामुळं ही चाल मराठी कानाला परकी नाही. मोकळ्या ओळीचं काम असं की ती कानाला थोडं अधांतरी ठेवते. दोन ओळी जुळल्या, आता तिसरी जुळेल असं वाटतं, ती जुळत नाही. मग चौथीत 'टावर' आलं की सगळ्यांचे हात एकदम उठतात. झिम्म्याला तेच हवं.

अट एकच आणि ती पाळायला कठीण. मोकळी ओळ सगळीकडं खरोखर मोकळी हवी. एखाद्या कडव्यात ती चुकून अ शी जुळली तर बाकीच्या ठिकाणी ती राहून गेल्यासारखी वाटते. आणि शेवटी 'र' येता कामा नये, नाहीतर ध्रुवपदाची चाहूल एक ओळ आधीच लागते.

पहिलं कडवं सोपं गेलं. 'भरली' राहिली, तिच्याशी प्रत्यय सोलूनही जुळेल असं काहीतरी पाहिजे होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतील याची वाट बघत कोल्हापूर रात्र काढतं, तिथूनच ओळ आली. पण मग दारं कुठं ठेवायची? तिसऱ्या, मोकळ्या जागी.

राधानगरी भरली
रात जागत सरली
सात दारं उघडून
फेस आला घाटावर

भर, सर. आता 'ली' काढून टाका, जोडी टिकते. आणि दारं आधी दुसऱ्या ओळीत नुसती उघडत होती, ती आता फेसाला घाटापर्यंत आणून सोडतात. भोगावती गेली, पण दारं उघडल्यावर पाणी येतं ते भोगावतीतूनच, हे इथं कुणाला सांगायला नको.

दुसऱ्याला 'भर' सोडावं लागलं. गळा, खांदा, घोटा अशी तिन्ही मापं ठेवायचा मोह होता. मोकळ्या ओळीत एक माप बसवायचा प्रयत्न केला तर ती ओळ यादीतली तिसरी वस्तू वाटायला लागली आणि मोकळेपणा गेला. खांदा काढला.

वाट घोट्यापाशी अडे
दीपमाळ गळा बुडे
पायऱ्या त्या दिसेनात
मोजू किती बोटावर

क्रमही उलटा केला. आधी दीपमाळ मग वाट होती, आता पाणी घोट्यापासून वर चढतं. हे यमकामुळं झालं की नाही, सांगता येत नाही. पायऱ्या दिसेनात म्हटल्यावर 'मोजू किती' हा प्रश्न मात्र जागेवर बसला. आधी बोटं मोजत होती ती नेमकं काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

चौथं कडवं शाळेतल्या मुक्कामाचं, एकाआड एक जुळणारं.

शाळेमधी चूल पेटे
फळ्यावरी लोंबे साडी
खिचडीचा वास दाटे
दारी आली दूधगाडी

यात मोडतोड जवळपास नाहीच. दुसरी आणि तिसरी ओळ अदलाबदल केली की पेटे-दाटे शेजारी येतात आणि फळ्यावरची साडी मोकळी होते. साडीला मोकळी जागाच शोभते, ती चित्रासारखी आहे, तिच्यापुढं जरा थांबावं. राहिली दूधगाडी. तिच्या जागी -टावर ची ओळ पाहिजे. मागच्या पानावरचं 'ताटावर' उचललं आणि 'माशी बसे ताटावर' लिहिलं. बरोबर होतं, पण पुरातल्या छावणीवर लिहायला बसलेला कुणीही माशी बसवेल. काकींनाच विचारलं, तुम्ही शाळेत होता तेव्हा ताटं कुठून आली? म्हणाल्या, "लोकांनी दिली गं. एकेकावर कुणाकुणाची नावं कोरलेली. माझ्या ताटावर कुण्या परक्याचंच नाव, लग्नातलं असंल. जेवताना रोज वाचायची मी."

शाळेमधी चूल पेटे
खिचडीचा वास दाटे
फळ्यावरी लोंबे साडी
दुजं नाव ताटावर

'दुजं' थोडं जुनं वाटतं. 'परकं नाव ताटावर' नऊ अक्षरं होतात, तेव्हा 'दुजं'.

तिसऱ्याकडं मी मुद्दाम उशिरा आले, कारण तिथं मला काही सोडायचं नव्हतं. 'म्हस दावणी हटेना, सासू उंबरा सोडेना' या दोन ओळी गाण्यातल्या सगळ्यात चांगल्या, आणि त्या चुकीच्या जागी होत्या. जोडीच्या तऱ्हेत त्या शेवटी येतात आणि कडवं बंद करतात. माझ्या नव्या तऱ्हेत शेवटची जागा -टावर ची. त्यांना सुरुवातीला नेलं तर?

म्हस दावणी हटेना
सासू उंबरा सोडेना
गडी नावेतून आले
'तान्हं धर पोटावर!'

'घर अंगण बुडाले' पूर्ण गेलं आणि कुणाला चुकलंही नाही. म्हस हटत नाही, सासू उंबरा सोडत नाही म्हटल्यावर घर बुडतंय हे कळतंच. 'आले' आता मोकळ्या जागी असल्यामुळं त्याला कुणाशी जुळायची गरज नाही, 'लं-ले' ची कटकटही मिटली. आणि शेवटची ओळ नावेतल्या गड्यांचं ओरडणं झाली, ते मी आधी लिहिलंच नव्हतं.

इथं कुणीतरी मला पकडेल की हटेना-सोडेना मध्ये 'एना' हा प्रत्ययच आहे, सोलला तर हट आणि सोड, जुळत नाहीत. खरं आहे. तपासणीत ही जोडी नापास होते. तरी मी ठेवली. 'भरली-उघडली' मध्ये 'ली' ला काही सांगायचं नव्हतं, ती फक्त काळ आणि लिंग दाखवत होती. इथं नकार हाच दोन्ही ओळींचा विषय आहे. जनावर नाही म्हणतंय, बाई नाही म्हणतेय, आणि दोघींचं नाही एकाच आवाजात येतंय. तपासणी कुठं थांबवायची हेही कधीकधी ठरवावं लागतं.

पाचवं लवकर उरकलं. तिथं 'पंचनामा लिहितात, नाव माझं पुसतात' अशी एक जोडी होती, 'तात' ला 'तात', ती काढायला हात कचरला नाही.

चिखलात वह्या गेल्या
भिंती आतूनच ओल्या
पंचनामा व्हायचाय
देव सुके पाटावर

एकजण म्हणाली, पंचनामा झाल्याशिवाय काही हलवायचं नसतं, मग देव कसे पाटावर काढले? काकींनी परस्पर उत्तर दिलं, "देव काय पंचनाम्याला थांबत्यात व्हय?"

आणि सहावं. पाणी ओसरल्याचं.

पाणी उतरून गेलं
गाळ उरला दारात
भिंतीवर रेघ एक
पुसेना ती या घरात

अ-ब-क-ब. दुसरी आणि चौथी जुळते, ध्रुवपदाचं यमक कुठंच नाही. -टावर चे शब्दही संपलेले. पण ते कारण पुरेसं नाही, शब्द नसला तर कडवं मोडून नवं लिहायला कुणी अडवलेलं नसतं. बघायचं ते एवढंच की यमक जिथं वळलं, तिथं अर्थ वळलाय का? चौथ्या कडव्यात तऱ्हा बदलली होती, तेव्हा गोष्टीत काही बदललं नव्हतं, माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली होती इतकंच. फक्त ते कडवं वेगळ्या दिवशी लिहिलं होतं. सहाव्यात पाणी गेलं आहे. पाणी किती फुटावर, हा प्रश्न विचारायचं कारण उरलेलं नाही. तिथं चौथी ओळ त्या प्रश्नाकडं नेत नसेल तर ते मला बरोबर वाटतं.

पण हे कच्च्या प्रतीत कुणालाच ऐकू आलं नसतं. सहा कडव्यांत चार तऱ्हा असताना सहाव्याचं वेगळेपण त्या घोळक्यात हरवून गेलं होतं. पहिली पाच एका तऱ्हेला लावल्यावर कान पाच वेळा 'टावर' ऐकून बसलेला असतो, सहाव्यांदा तो तयारीत असतो, आणि तिथं 'घरात' येतं. अपवाद ठेवायचा तर एकच ठेवायचा आणि तो शेवटी. मधल्या कुठल्या कडव्यात हेच केलं असतं तर काकींनी पुन्हा तेच विचारलं असतं, संपलं का अजून हाय.

तरी त्यांनी विचारलंच. "आणि ह्येच्या शेवटाला काय करायचं? हात कुठं आपटायचा?"

मी म्हटलं, नका आपटू. ध्रुवपद नाही उचलायचं, तिथंच थांबायचं.

"असं कुठं असतंय? झिम्मा थांबवायला फुगडी घालावी लागतीया."

यावर आमचं जमलं नाही. शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. 'घरात' म्हणून झाल्यावर चौघी एक टाळीभर थांबतात, आणि मग कडव्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं ध्रुवपद सरळ वरच्या पट्टीत उचलतात. मला ते यमकाच्या हिशेबानं पटत नाही. पण तालमीत तिथं कुणाचा पाय चुकत नाही, आणि ती मधली रिकामी टाळी त्या आठवणीनं मोजून सोडतात.